खडूची दाढ

या शनिवारचा विषय जरा वेगळा आहे. दाढ. तीही आपली नाही, सहा-सात वर्षांच्या पोरांची. ज्यांच्या घरी त्या वयाचं कोणी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, ज्यांच्या घरी अजून नाही त्यांनी वाचून बाजूला ठेवून द्या. कधीतरी उपयोगी पडेल.

दात पडायला लागले की घरात केवढं कौतुक असतं. पुढचा दात हलला, पडला, फोटो काढला, आजीला फोन केला. पण त्याच सुमारास तोंडात आणखी एक पाहुणा येतो आणि त्याची कोणाला खबर नसते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून एक नवी दाढ हळूच वर येते. तिच्यासाठी कुठला दात पडावा लागत नाही, त्यामुळे बऱ्याच आईबापांना ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते. खाली दोन, वर दोन, अशा चार. पुढची साठ-सत्तर वर्षं चावायचं मुख्य काम यांनीच करायचं असतं.

आमच्या लेकीची उजवीकडची खालची दाढ अशीच गुपचूप आली, ती सहा वर्षं चार महिन्यांची असताना. आणि येतानाच खराब आली. खराब म्हणजे किडलेली नाही हं. हिरडीतून डोकं वर काढलं तेव्हाच तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग होता, जुन्या खडूसारखा. लेक उजव्या बाजूनं चावेना. गार पाणी नको, आइस्क्रीम नको. आइस्क्रीमला नाही म्हणणारं मूल बघितलंत तर थेट डेंटिस्टकडे न्या, एवढं एक लक्षणसुद्धा पुरेसं आहे! ब्रश उजवीकडे गेला की ती तोंड फिरवायची.

या प्रकाराला मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन म्हणतात, थोडक्यात एमआयएच. मोलर म्हणजे दाढ, इन्सायझर म्हणजे पुढचे पटाशीचे दात. बाकीच्या लांबलचक शब्दाचा अर्थ इतकाच की एनॅमलमध्ये खनिज कमी भरलंय. हे नाव २००१ साली युरोपातल्या दंतवैद्यांनी सुचवलं. त्याआधी डच लोक अशा दाढांना चीजच्या दाढा म्हणायचे, कारण रंग तसाच आणि मऊपणाही तसाच. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण १३ ते १४ टक्के मुलांमध्ये हे कमीजास्त प्रमाणात सापडतं. वर्गात चाळीस पोरं असतील तर पाच-सहा! आणि तरी आपल्यातल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं, कारण दाढ तुटेपर्यंत कोणी बघत नाही आणि तुटली की तिला कीड म्हणतात.

आता हे होतं कसं ते बघू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

एनॅमल दोन टप्प्यांत बनतं. पहिल्या टप्प्यात काही खास पेशी प्रथिनांचा एक साचा तयार करतात. दाढेचा आकार आणि एनॅमलची जाडी इथेच ठरते. दुसऱ्या टप्प्यात त्याच पेशी ती प्रथिनं तोडून बाहेर काढतात आणि रिकाम्या जागेत खनिजाचे स्फटिक वाढत जातात. काम पूर्ण झालं की एनॅमल वजनानं ९६ टक्के खनिज असतं, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. एमआयएचमध्ये पहिला टप्पा ठीक होतो, दुसरा अर्धवट राहतो. म्हणजे जाडी बरोबर, आकार बरोबर, पण आत प्रथिनं अडकलेली आणि खनिज कमी. दिसायला भिंत पूर्ण, आत सिमेंट कमी घातलेलं. मेलबर्नच्या संशोधकांना अशा खडूसारख्या डागांत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन सापडलं. त्यांचं म्हणणं असं की ते नको त्या वेळी तिथे शिरतं, स्फटिकांना चिकटतं आणि त्यांची वाढ थांबवतं.

आणि खरी गोम पुढे आहे. दात हिरडीतून वर आला की त्या एनॅमल बनवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, एनॅमल मात्र परत कधीच बनत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कोड प्रॉडक्शनला गेलाय आणि टीम कायमची बरखास्त झालीय. आता जे काही करायचं ते बाहेरूनच.

डेंटिस्टचं नाव कळायच्या आधी घरात अर्थातच खटला चालू झाला. आजी म्हणाली, "चॉकलेटं कमी द्या म्हटलं तर ऐकत नाही तुम्ही." बायकोनं लेकीची जुनी फाईल काढली. चौदाव्या महिन्यात छातीत कफ होऊन आठवडाभर ताप होता, त्यात अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता. रात्री अकरा वाजता ती मला विचारतेय, "अरे, त्या औषधानं झालं असेल का हे? मीच म्हणाले होते डॉक्टरांना, काहीतरी द्या म्हणून."

चॉकलेटचा आरोप सरळ खोटा आहे. या दाढेचं एनॅमल जन्माच्या सुमाराला बनायला लागतं आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास हिरडीच्या आत पूर्ण होतं. जी दाढ तोंडात आलेलीच नाही तिला चॉकलेट काय करणार? म्हणजे डाग हा एक टाइमस्टॅम्प आहे. काहीतरी बिघडलं ते त्या तीन वर्षांत. काय बिघडलं, यावर मात्र एक उत्तर नाही. पहिल्या तीन वर्षांतले ताप आणि आजारपण, विशेषतः श्वसनाचे आजार, जन्माच्या वेळच्या अडचणी, यांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. अँटिबायोटिकचाही दिसतो, पण अँटिबायोटिक दिलं जातं ते आजारी मुलालाच. त्यामुळे दोष औषधाचा की आजाराचा, हे वेगळं काढता येत नाही. अनुवंशिकतेचाही हात आहे. एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघांनाही असण्याचं प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा जास्त दिसलंय. एका ठरावीक मुलाच्या बाबतीत बोट ठेवून 'हेच कारण' असं कोणालाच सांगता येत नाही. नंतर भेटलेल्या मुलांच्या डेंटिस्ट मॅडम बायकोला म्हणाल्या, "त्या तापात औषध न देऊन तुम्ही काय करणार होतात? ती फाईल बंद करा. आता दाढेचं बघू." मला वाटतं त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची ट्रीटमेंट तीच होती.

पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी एक वळण झालं. जवळच्या एका दवाखान्यात दाढेत कीड आहे असं सांगून पांढरं फिलिंग केलं. इंजेक्शन दिलं होतं तरी लेक किंचाळत होती. डॉक्टरांना वाटलं, मूल हट्टी आहे. पाच महिन्यांत फिलिंगची कड तुटली, बरोबर दाढेचा एक तुकडाही गेला.

या दोन्ही गोष्टींना कारण आहे. मॅडमनी ते कागदावर चित्र काढून समजावलं. एनॅमल सच्छिद्र असल्यामुळे थंड, गरम, जंतू, सगळ्याची झळ आतल्या नसेपर्यंत पोचते. नस सतत थोडी सुजलेली, चिडलेली राहते आणि अशा नसेवर भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही. मूल नाटक करत नसतं, त्याला खरंच दुखत असतं. स्वीडनमध्ये गंभीर एमआयएच असलेल्या नऊ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २००२ साली छापून आला. त्यांच्या या दाढांवर इतर मुलांच्या मानानं जवळजवळ दहा पट वेळा उपचार झाले होते, आणि डेंटिस्टची भीतीही त्यांच्यात जास्त होती. नवल नाही.

दुसरं, फिलिंग का निघालं? पांढरं फिलिंग चिकटतं ते एनॅमलवर ॲसिड लावून तयार केलेल्या बारीक खाचांमध्ये. चांगल्या एनॅमलवर या खाचा एकसारख्या पडतात. खडूसारख्या एनॅमलवर त्या नीट पडतच नाहीत. फिलिंगची कड डागाच्या मधोमध ठेवली तर ती वाळूवर ठेवलेली वीट आहे. चावण्याचा जोर आला की कडेचं एनॅमल भुगा होऊन जातं आणि फिलिंग हलतं. म्हणून नियम असा की फिलिंगची कड निरोगी एनॅमलवर संपली पाहिजे. डाग लहान असेल तर ते जमतं. डाग दाढेच्या अर्ध्या भागावर असेल तर कड ठेवायला जागाच उरत नाही. डेंटिस्टला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे, "कड कुठे संपतेय?"

मॅडमनी बाकीचे दातही बघितले. हवेचा फवारा न मारता, कापसानं टिपून, कारण नुसत्या हवेनंही कळ येते. वरची उजवी दाढ फिकट क्रीम रंगाची पण अखंड, डावीकडच्या दोन ठीक, आणि पुढच्या एका पटाशीच्या दातावर पांढरट ठिपका. हे असं विषम वाटप हीच एमआयएचची खूण. एका दाढेवर मोठा डाग, शेजारी स्वच्छ, आणि डागाची कड नकाशावरच्या सीमेसारखी स्पष्ट. फ्लोरोसिस असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे डाग धूसर, पसरलेले, डावी-उजवीकडे सारखे आणि बऱ्याच दातांवर असतात. जन्मजात अनुवंशिक दोष असता तर दुधाचे-कायमचे सगळेच दात तसे दिसले असते आणि बहुधा घरात आणखी कोणाचे तरी. एनॅमल मुळात कमीच बनलेलं असतं तर खड्डा किंवा खाच असती, पण तिची कड गुळगुळीत. तुटलेल्या एमआयएचची कड खरखरीत असते. आणि एकाच कायमच्या दातावर डाग असेल तर त्याच्या वरच्या दुधाच्या दाताला कधी पू झाला होता का, मार लागला होता का, ते विचारतात.

रंगसुद्धा बोलतो. पांढरा-क्रीम डाग त्यातल्या त्यात घट्ट, पिवळा-तपकिरी जास्त सच्छिद्र आणि लवकर तुटणारा. त्यामुळे एकाच तोंडातल्या दोन दाढांना दोन वेगळे प्लॅन मिळाले.

वरच्या क्रीम दाढेला दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचं व्हार्निश आणि खाचांवर सीलंट. दाढ अर्धवट वर आलेली असताना तिथे लाळ थांबवता येत नाही, म्हणून आधी ओल सहन करणारं ग्लास आयोनोमर सिमेंट लावलं. ते वर्षभरात झिजतं, ते धरूनच चालायचं. पूर्ण वर आल्यावर त्याजागी रेझिनचं पक्कं सीलंट. घरी कोमट पाण्यानं, मऊ ब्रशनं, हजार पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असलेली पेस्ट. पाकिटावरचा आकडा वाचून घ्या, लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये तो बराच कमी असतो किंवा नसतोच. सौम्य एमआयएचची बरीच मुलं एवढ्यावरच निभावतात.

खालच्या तपकिरी दाढेला फिलिंग परत करून उपयोग नव्हता. तिच्यावर स्टीलची तयार टोपी बसवली, जिला सगळे कॅप म्हणतात. ही पद्धत मला इंजिनियर म्हणून फार आवडली. कड कुठे ठेवायची हा प्रश्नच नाही, कारण टोपी दाढेला चारी बाजूंनी झाकून हिरडीजवळ संपते. आधी दोन दाढांच्या फटीत रबराची बारीक रिंग तीन दिवस ठेवली, म्हणजे जागा होते. मग मऊ झालेला भाग हातानं खरवडून काढला, मापाची टोपी निवडली, आत सिमेंट भरलं आणि दाबून बसवली. ड्रिल जवळजवळ नाहीच. पहिले काही दिवस चावताना टोपी आधी लागायची, दोन-तीन आठवड्यांत जबड्यानं जुळवून घेतलं. सातव्या वर्षी लेकीनं पहिल्यांदा उजवीकडून चकली खाल्ली. तोंडात चांदी चमकते म्हणून वर्गात तिला थोडा भाव पण मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, झालं की काम. पण मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ही टोपी आपण वेळ काढण्यासाठी घालतोय. खरा निर्णय साडेआठ वर्षांनंतर."

हा निर्णय म्हणजे दाढ ठेवायची की काढायची. ऐकून मी उडालोच. कायमची दाढ, सात वर्षांच्या पोरीची, काढायची? पण यामागचं गणित ऐका. पहिल्या दाढेच्या मागे, हाडाच्या आत, बारा वर्षांची दाढ तयार होत असते. तिची मुळं फुटायला नुकती सुरुवात झालेली असताना, म्हणजे साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान, पुढची दाढ काढली तर मागची दाढ वर येता येता पुढे सरकते आणि ती जागा घेते. फार लवकर काढली तर दुधाच्या दाढेच्या खालचा दात मागे भरकटू शकतो. उशीर केला तर बारा वर्षांची दाढ वर येऊन बसलेली असते, ती पुढे कलते आणि फट राहते. वरच्या जबड्यात निसर्ग बराच माफ करतो, खालच्या जबड्यात कमी. म्हणजे ही खिडकी दोन वर्षांची, एकदाच उघडणारी.

लेक आठ वर्षं नऊ महिन्यांची असताना ओपीजी काढला, पूर्ण जबड्याचा एक्स-रे. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनाही बोलावलं. त्यात चार गोष्टी बघितल्या. बारा वर्षांची दाढ जागेवर आहे, तिची मुळं दुभंगायला सुरुवात झालीय. अक्कलदाढेचा अंकुर त्या बाजूला दिसतोय, म्हणजे मागे राखीव खेळाडू आहे. वरचा-खालचा जबडा नीट जुळतोय आणि पुढे दातांची थोडी गर्दी आहे. आणि चौथी गोष्ट वाईट होती. टोपीखाली जुन्या किडीची सावली नसेच्या अगदी जवळ पोचली होती.

दोन रस्ते होते. पहिला, नसेवर उपचार करून दाढ वाचवायची, मोठेपणी कायमची कॅप घालायची आणि ती कॅप आयुष्यात दोन-तीनदा बदलावी लागेल हे गृहीत धरायचं. दुसरा, आत्ता काढायची आणि मागच्या निरोगी दाढेला तिची जागा घेऊ द्यायची. पहिल्या रस्त्यावर दाढ राहते पण देखभाल जन्मभर. दुसऱ्यावर एक दाढ जाते आणि फट पूर्ण भरेलच याची हमी कोणी देत नाही. सावली नसती, किंवा अक्कलदाढ नसती, किंवा दातांमध्ये आधीच फटी असत्या, तर उत्तर कदाचित उलट आलं असतं. आम्ही आठवडा घेतला आणि काढायची ठरवली.

इंजेक्शनच्या आधी तिला वजनाप्रमाणे वेदनाशामक दिलं, सूज आधीच थोडी उतरावी म्हणून. भूल चढायला वेळ दिला, चढली की नाही ते दोनदा तपासलं, मगच चिमटा उचलला. या वेळी किंचाळणं नव्हतं. समोरची वरची दाढ खाली लोंबू नये म्हणून तीही काढावी का, असा प्रश्न निघाला होता. चांगली दाढ केवळ सोबतीला म्हणून काढायची नाही, सहा-सहा महिन्यांनी बघत राहायचं, असं ठरलं.

लेक आता साडेबारा वर्षांची आहे. मागची दाढ पुढे आलीय. थोडी कललेली आहे आणि पुढच्या दातापाशी एक बारीक फट आहे, तिथे मेथीची भाजी अडकते म्हणून ती दाताची दोरी वापरते. पुढच्या दातावरचा ठिपका तसाच ठेवलाय. त्या दातांवर चावण्याचा जोर नसतो, ते सहसा तुटत नाहीत, प्रश्न दिसण्याचा असतो. तिला तो खुपायला लागला तर ॲसिड-प्युमिसनं वरचा थर घासणं, रेझिन आत मुरवणं किंवा पांढऱ्या फिलिंगचा पातळ थर, असे मार्ग आहेत. एमआयएचचा डाग बऱ्याचदा खोलवर असतो, त्यामुळे पहिल्या दोन उपायांनी तो फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही. हा निर्णय तिचा, तिनं म्हटल्यावर.

मध्ये धाकट्यालाही नेलं होतं, तो चार वर्षांचा आहे. मॅडमनी त्याच्या दुधाच्या शेवटच्या दाढा टॉर्चनं बघितल्या. या दाढांचं एनॅमल सहा वर्षांच्या दाढेच्या थोडं आधी, पण काही काळ तिच्या बरोबरीनंच बनतं, त्यामुळे त्यांच्यावर डाग असेल तर कायमच्या दाढेवर असण्याची शक्यता बरीच वाढते. खालच्या डावीवर एक पिवळट ठिपका निघाला, डाळीच्या दाण्याएवढा. तसा ठिपका नसता तरी सुटका नक्की झाली असं नसतं. पण आहे म्हटल्यावर आमच्या कॅलेंडरवर आता एक नोंद आहे. पाच वर्षं नऊ महिन्यांपासून दर महिन्याला टॉर्च घेऊन मागे बघायचं, दाढेचं टोक दिसलं की त्याच आठवड्यात व्हार्निश. तुकडा उडायच्या आधी.